वर्ध्याला जायचं, पण सावकाश

आमच्या डोंबिवलीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात सहलीचा विषय निघाला की दोन तट पडतात. एकाला काशी-अयोध्या हवी असते, दुसऱ्याला महाबळेश्वर. या वर्षी कार्यकारिणीनं दोन्ही बाजूला ठेवलं आणि मला सांगितलं, "तुमचं माहेर आर्वीचं. वर्धा जिल्हा एकदा आमच्या नजरेनं बघून या आणि पुढच्या सभेत वीस मिनिटांत मांडा. जायचं की नाही ते मग ठरवू."

आमच्या नजरेनं, म्हणजे साठ ते ब्याऐंशी वयाच्या चोवीस माणसांच्या नजरेनं. त्यात दोघींचे गुडघे बदललेले, एकांना पेसमेकर, निम्म्यांना मधुमेह आणि सगळ्यांना स्वच्छतागृहाची काळजी. शाळेच्या सहलीत मी सेवाग्राम पाहिलं होतं ते चिंचा खात. या खेपेला मी हातात मोजपट्टी आणि वही घेऊन हिंडले. उंबरे किती उंच, कुठे कठडा आहे, बसायला कट्टा कुठे, सावली किती वाजता कोणत्या बाजूला येते, असलं सगळं टिपत गेले. आर्वीहून माझी वहिनी सोबतीला आली होती. दुसऱ्या दिवशी ती वैतागून म्हणाली, "काहून वं ताई, तू पाहाले आली का मोजाले?"

सभेत मी पहिलं वाक्य म्हटलं ते असं: "सहल किती ठिकाणांची आहे ते विचारू नका. दिवसातून किती वेळा बसमध्ये चढायचं आणि उतरायचं, ते विचारा." आपल्या वयाला थकवतं ते चालणं नव्हे, बसणं-उठणं. बसची उंच पायरी, चपला काढणं-घालणं, जमिनीवर मांडी घालणं आणि पुन्हा उठणं. म्हणून आमच्या बेतात दिवसाला जेवणाआधी एक ठिकाण आणि चहानंतर एक, एवढंच आहे. वर्धा त्याला सोयीचं पडतं. शहरातल्या एकाच हॉटेलात मुक्काम ठेवला की सेवाग्राम, पवनार, गीताई मंदिर, मगन संग्रहालय ही सगळी ठिकाणं दहा-एक किलोमीटरच्या आत येतात. सामान एकदाच उघडायचं, एकदाच बांधायचं. घाट नाही, बोट नाही, दोरी धरून चढायचं काही नाही. आणि सेवाग्रामलाच कस्तुरबा रुग्णालय आहे. १९६९ साली तिथं सुरू झालेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं वैद्यकीय महाविद्यालय ग्रामीण भागातलं देशातलं पहिलं मानलं जातं. त्यामुळे आपण कुठेही असलो तरी मोठं रुग्णालय अर्ध्या-पाऊण तासावर असेल. अपवाद एकच दिवसाचा, तो पुढे सांगते.

मग गाडीचं सांगितलं. नाव सेवाग्राम एक्सप्रेस म्हणून तिचाच मोह होतो, पण ती वर्ध्याला पहाटे अंधारातच पोचवते. जानेवारीच्या थंडीत, झोपमोड झालेल्या चोवीस माणसांना घेऊन त्या वेळी फलाटावर उभं राहायला मी तयार नाही. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी सातनंतर मुंबईहून निघते, आठच्या सुमारास आपण कल्याणला चढायचं, घरून आणलेला डबा खायचा, झोपायचं आणि सकाळी उजाडल्यावर वर्धा. परतीलाही तीच गाडी संध्याकाळी वर्ध्याहून मिळते.

तिकिटाची मेख मात्र नीट समजून घ्या, असं म्हणून मी थोडी थांबले, कारण या एका गोष्टीवर रात्रीची झोप अवलंबून आहे. रेल्वेनं ज्येष्ठांसाठी प्रत्येक डब्यात काही खालच्या बर्थ राखून ठेवलेल्या असतात. पण तो कोटा एकट्यानं किंवा दोघांनी मिळून काढलेल्या तिकिटालाच लागू होतो. आपण हौसेनं सहा-सहा जणांचं एक तिकीट काढलं की "सगळे एकत्र बसू" हे साधतं, आणि पंचाहत्तरीच्या काकांच्या वाट्याला वरची बर्थ येते. म्हणून चोवीस जणांची बारा तिकिटं काढायची. शेजारी शेजारी जागा मिळतील असं नाही, पण खालची मिळायची शक्यता वाढेल. ज्यांना तरीही मिळणार नाही त्यांनी तिकीट तपासनिसाला गाठायचं. रिकामी राहिलेली खालची बर्थ तो ज्येष्ठांना देऊ शकतो. आणि आपल्यात जे अजून वर चढू शकतात त्यांची नावं मी आधीच लिहून घेणार आहे, म्हणजे रात्री नऊला डब्यात विनवण्या नकोत.

दुसरी काळजी उतरण्याची. वर्ध्याला गाडी काही मिनिटंच थांबते. चोवीस माणसं आणि चोवीस बॅगा एका दारानं उतरवणं त्या वेळात होत नाही. मी त्याच गाडीनं गेले तेव्हा ही वेळ कशी साधायची ते पाहून ठेवलं. धामणगाव गेलं की पाचदहा मिनिटं खिडकीतून बाहेर बघत राहायचं. कपाशीची बोंडं फुटलेली शेतं, अधूनमधून पिवळी पडत चाललेली तूर, आणि मग एकदम पुलाचा आवाज. ती वर्धा नदी. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा संपून वर्धा जिल्हा लागतो आणि लगेच पुलगाव येतं, दारूगोळ्याच्या मोठ्या कोठारासाठी प्रसिद्ध असलेलं. पुलगाव मागे पडलं की स्वेटर चढवायचे, बॅगा सीटखालून काढायच्या, आणि पुढचे निम्मे एका दाराशी, मागचे निम्मे दुसऱ्या दाराशी. बॅग स्वतःला उचलता येईल एवढीच. कुली मिळेलच असं धरून कोणी लोणच्याच्या बरण्या आणू नयेत. यावर सभेत पहिला हशा झाला आणि तीन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

हॉटेलांची गंमत अशी की त्यांचा दिवस दुपारी बाराला सुरू होतो आणि आपली गाडी सकाळी पोचते. तरुण माणसं सामान टाकून फिरायला निघतात. आपल्याला आल्या आल्या न्हाणीघर, गरम पाणी आणि पाठ टेकायला पलंग लागतो. म्हणून पहिल्या सकाळचं अर्ध्या दिवसाचं भाडं आणि शेवटच्या दुपारचं अर्ध्या दिवसाचं भाडं आम्ही बोलून ठेवलं आहे. रात्री तीन, पण पैसे चार दिवसांचे. हे ऐकून खजिनदारांच्या भुवया वर गेल्या. मी म्हटलं, सहलीत कुठे काटकसर करायची असेल तर जेवणात करू, इथं नको. आश्रमासमोर यात्री निवासही आहे. साधेपणानं, तिथल्या शिस्तीत राहायची ज्यांना आवड आहे त्यांनी तिथं एकदा जरूर राहावं. पण आपल्या मंडळात रात्री अकरापर्यंत पत्ते खेळणारेही आहेत, त्यांचाही विचार करायला हवा.

खोल्या बघताना मी गादीवर बसले नाही, आधी न्हाणीघरात गेले. कमोड आहे का, तो भिंतीपासून किती दूर, उठताना हाताला धरायला काय मिळतं, फरशी ओली झाल्यावर घसरते का. धरायच्या दांड्या बहुतेक ठिकाणी नाहीतच. त्यावर उपाय दोन. अंघोळीसाठी प्लास्टिकचं स्टूल, ते हॉटेल देणार आहे. आणि न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही, फक्त दार लोटून घ्यायचं. खोलीतल्या जोडीदारानं दाराबाहेर टॉवेल टांगलेला दिसला की समजायचं.

पहिल्या दिवशी दुपारच्या चहापर्यंत काहीही नाही. चार वाजता सेवाग्राम.

इथवर मी कोरडं बोलत होते. सेवाग्रामचं सांगताना आवाज थोडा बदलला असेल. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी या गावी राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, सेवाग्राम हे नाव पुढे १९४० मध्ये पडलं. तेव्हा त्यांचं वय सहासष्ट होतं. आपल्या मंडळाच्या सभासदत्वाची अट त्यांनी केव्हाच पुरी केली होती. १९४६ च्या ऑगस्टमध्ये ते इथून निघाले आणि परत येऊ शकले नाहीत. म्हणजे आयुष्यातली सहासष्ट ते शहात्तर ही दहा वर्षं, तुरुंगवास आणि प्रवास वगळता, या कुडाच्या घरांची होती. मग आश्रम बघताना माझं लक्ष एका वेगळ्याच गोष्टीकडे गेलं: वय झालेल्या माणसानं आपलं घर कसं लावून घेतलं होतं? बापूकुटीत बैठक जमिनीवर, पण पाठीला टेकायला सोय. हाताशी सगळं, उठावं लागू नये असं. न्हाणीघर आणि शौचकूप कुटीला लागूनच, रात्री अंगणात जावं लागू नये म्हणून. शेजारी कस्तुरबांसाठी वेगळी बा-कुटी, कारण दिवसभर माणसांचा राबता असलेल्या घरात बाईमाणसाला आडोसा हवा. जरा पलीकडे परचुरे कुटी. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आश्रमात आले तेव्हा त्यांना ही जागा दिली आणि त्यांच्या अंगाला मालीश गांधीजी स्वतः करत. कार्यालयात तो जुना टेलिफोनही आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी बोलता यावं म्हणून तो या खेड्यात बसवला होता. आणि त्याच्याजवळ साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. साप मारायचा नाही, पकडून लांब सोडायचा, हा तिथला रिवाज.

आदिनिवास ही पहिली झोपडी. तिचा खर्च शंभर रुपयांच्या आत राहावा अशी गांधीजींची इच्छा होती आणि तो त्याच्या कितीतरी पुढे गेला, असं तिथं सांगतात. मी खजिनदारांकडे बघून म्हटलं, अंदाजपत्रक त्यांचंही चुकलं होतं.

आता अडचणीचं. कुट्यांची दारं बुटकी आहेत, वाकून जावं लागतं, आणि उंबऱ्यापाशी चपला काढाव्या लागतात. जोडे लेसचे नकोत, पाय सरकवून घालायचे हवेत, आणि पायात मोजे ठेवा, जमीन गार असते. सगळ्या कुट्यांत शिरण्याची गरज नाही. बापूकुटी आणि आदिनिवास आतून, बाकी अंगणातून. अंगण सपाट आहे, झाडं मोठी आहेत. १९३६ मध्ये गांधीजींनी लावलेला पिंपळ आता एवढा पसरला आहे की त्याच्या सावलीत आपलं सगळं मंडळ मावेल. संध्याकाळी सहाच्या सुमारास उघड्यावर सर्वधर्म प्रार्थना होते. बसायचं जमिनीवर असतं. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी आपण घडीची सहा स्टुलं बरोबर नेणार आहोत आणि ती मागच्या रांगेत लावणार आहोत. जानेवारीत सूर्य गेला की गारठा झपाट्यानं उतरतो, म्हणून कानटोपी दुपारीच पिशवीत घालायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पवनार. आधी नाही. नाश्ता, औषधं आणि पोट साफ होणं, या तिन्हींना वेळ लागतो आणि तो दिला नाही तर दिवसभर बस थांबवत राहावी लागते. धाम नदीच्या काठी थोड्या उंचवट्यावर विनोबांचा परंधाम आश्रम आहे. शेत खणताना विनोबांना जुन्या मूर्ती सापडल्या. त्यातलं भरत-राम भेटीचं शिल्प आश्रमात आहे, त्याच्यापुढे मी वहिनीबरोबर बराच वेळ बसले. वनवासातून परतलेला भाऊ आणि वाट पाहून वाळलेला भाऊ. वहिनी म्हणाली, "दोघंही बुढे झाल्यासारखे दिसते." मला तोवर ते सुचलं नव्हतं.

१९५९ मध्ये विनोबांनी इथं ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, बहिणींचा समूह. सामूहिक साधना, शेती, स्वयंपाक, छापखान्याचं काम, सगळं त्याच करत आल्या. त्यातल्या काही आज आपल्याहून वयानं मोठ्या आहेत. सकाळी तिथं जायचं ते काही पाहण्यासाठी कमी आणि त्यांच्याबरोबर थोडा वेळ गप्प बसण्यासाठी जास्त. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबा इथंच गेले. शेवटच्या दिवसांत त्यांनी अन्न-औषध सोडलं होतं. हे मी सभेत मुद्दाम सांगितलं, कारण आपल्या वयात त्या निर्णयाबद्दल प्रत्येकाचं काहीतरी मत असतं आणि परतीच्या बसमध्ये त्यावर बोलणं होणारच. दरवर्षी त्या तारखेच्या आसपास देशभरातून लोक तिथं जमतात, म्हणून नोव्हेंबरचा मध्य आपण टाळला. नदीत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. त्या बेतात नाहीत. वरून पात्र छान दिसतं, गांधीजींच्या अस्थी जिथं विसर्जित केल्या ती जागाही दिसते. ज्यांना खाली जायचंच आहे त्यांनी जोडीनं जावं आणि पंधरा मिनिटांत वर यावं.

जेवून दोन तास झोप. चार वाजता गोपुरीचं गीताई मंदिर. या मंदिराला छप्पर नाही, मूर्ती नाही. विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय दगडी शिळांवर कोरून त्या उभ्या केल्या आहेत. चालत चालत वाचायचं. वरून पाहिलं तर शिळांच्या रांगेचा आकार गाय आणि चरख्याचा होतो. छप्पर नाही म्हणूनच ते दुपारी नको. दगड तापतो, सावली नसते. चारनंतर ऊन कलतं आणि अक्षरं तिरप्या उजेडात उठून दिसतात, चष्मा न बदलता वाचता येतात. सगळे अध्याय पुरे करायचा हट्ट नको. बारावा किंवा पंधरावा, ज्याला जो पाठ असेल त्यानं तो गाठावा. शेजारीच जपानी भिक्षू फुजी गुरुजींच्या प्रेरणेतून उभा राहिलेला पांढरा विश्वशांती स्तूप आहे. त्याला पायऱ्या आहेत, पण स्तूप खालूनही पुरता दिसतो. भोवती बाग आहे, बाकं आहेत.

तिसरा दिवस ऐच्छिक. सकाळी नाश्त्यानंतर बस केळझरला जाईल, तिथला टेकडीवरचा सिद्धिविनायक, आणि पुढे हिंगणीवरून बोर धरणाकडे. रुग्णालयापासून सर्वांत लांब जाणारा दिवस हाच. बोरचं जंगल २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. देशातल्या अगदी लहान प्रकल्पांपैकी ते एक. जंगल सफारी बेतात नाही, हे ऐकून दोघे-तिघे खट्टू झाले. मी त्यांना सांगितलं, उघडी जिप्सी, पहाटेची थंडी आणि खडकाळ वाट. मणक्याचा, मानेचा त्रास असलेल्यांनी आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी तिच्यात बसू नये. वाघ दिसेलच असंही नाही, पण कंबर धरेल हे नक्की. धरणाच्या काठी डबा खाऊन, पक्षी बघून, चहाला परत. ज्यांना नको त्यांनी हॉटेलात राहावं, दुपारी गावातलं लक्ष्मीनारायण मंदिर बघावं. १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी ते अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुलं केलं. त्या काळी किती गहजब झाला असेल याची कल्पना तिथल्या शांत सभामंडपात बसून येत नाही.

चौथ्या दिवशी मगन संग्रहालय. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. जे. सी. कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाचं काम याच मगनवाडीत चालायचं. नाना तऱ्हेचे चरखे, घाण्या, हातकागद, कुंभारकाम. आपल्यातल्या निम्म्या बायकांनी शाळेत टकळीवर सूत काढलेलं आहे, त्या इथून लवकर हलणार नाहीत, म्हणून सकाळचा सगळा वेळ ठेवला. मग दुकान. खादी आणि गोरस भांडारातला गोरसपाक. खुसखुशीत, तुपाचा, नातवंडांना न्यायला बरा. मधुमेहींनी डबा विकत घ्यावा आणि तो दुसऱ्याच्या बॅगेत ठेवावा. दुपारी विश्रांती, संध्याकाळी गाडी.

जेवणाबद्दल दोन शब्द. विदर्भातला स्वयंपाकी रश्श्याला तर्री आणल्याशिवाय समाधानी होत नाही. आपण तर्री वेगळ्या वाटीत मागितली आहे. पाटवडी, गोळाभात, भरीत-भाकरी हे सगळं होईल, पण रात्री आठच्या आत आणि रोज एक साधी मुगाची खिचडी असेलच. सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा, रात्री साडेसात या वेळा पाळल्या की इन्सुलिनवाल्यांचं गणित बसतं. आणि पाणी प्या. स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीनं आपण प्रवासात पाणी तोडतो, आणि बरेचदा चक्कर येते ती त्यामुळेच. बेतात दीड तासाहून लांब असा एकही टप्पा नाही, जिथं मध्ये सोय नाही. मी स्वतः प्रत्येक ठिकाणी आत जाऊन बघितलं आहे.

मग पैशांकडे वळले. चोवीस जण धरून माणशी हिशेब असा. रेल्वेचं वातानुकूलित तृतीय श्रेणीचं जाऊन-येऊन भाडं सुमारे २,५०० रुपये. दोघांच्या खोलीचं दिवसाला २,४००, म्हणजे माणशी १,२००, चार दिवसांचे ४,८००. चार दिवसांची मिनीबस रोजच्या ७,२०० प्रमाणे २८,८००, त्याचे माणशी १,२००. चहा-नाश्ता-दोन जेवणं रोजची ६०० धरून २,४००. किरकोळ तिकिटं, हमाली, बक्षिसी ३००. झाले ११,२००. त्यावर ८०० रुपये राखीव. एकूण १२,०००. राखीव पैसे उरले तर परतल्यावर सभेत हिशेब मांडून ज्याचे त्याला परत.

यातली खरी गोम बसच्या आकड्यात आहे. खोली आणि जेवण न येणाऱ्याचं वाचतं, बसचं वाचत नाही. सहा जणांनी आयत्या वेळी नकार दिला तर तेच २८,८०० अठरा जणांवर पडतात, माणशी १,६०० होतात. म्हणजे न येणाऱ्यांचे प्रत्येकी चारशे रुपये येणाऱ्यांच्या खिशातून जातात, आणि तिथून कुरबुरी सुरू होतात. म्हणून नियम असा: कारण कोणतंही असो, अगदी दवाखान्याचंसुद्धा, बसचे १,२०० परत मिळणार नाहीत. रेल्वेचं तिकीट रद्द केल्यावर जे परत येईल ते, आणि हॉटेलनं सोडलं तर खोलीचं, एवढंच मिळेल. एकट्याला खोली हवी असेल तर ४,८०० जास्त. एकट्या असलेल्या सात जणींनी खोलीसोबती आपापसांत ठरवावी. घोरणाऱ्यांनी ते आधी कबूल करावं.

प्रश्न आले. एक काका म्हणाले, "मला तर एसटी फुकट आहे, मग बसचे बाराशे का?" पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे हे खरं, पण ते नेहमीच्या फेऱ्यांना. भाड्यानं घेतलेल्या गाडीला ते लागू नाही. आणि डोंबिवलीहून वर्ध्यापर्यंत बसमध्ये बसून राहायचं म्हटलं तर फुकट असूनही ते महागात पडेल. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. ती मी हिशेबात धरलेली नाही. मागच्या रांगेतून हळूच एक प्रश्न आला, "संध्याकाळची सोय?" वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, असं मी सांगितलं तेव्हा प्रश्नकर्त्यापेक्षा त्याची बायको जास्त मोकळेपणानं हसली.

गुडघे बदललेल्या काकूंनी विचारलं, "बसच्या पायरीचं काय?" ती मी मोजून आणली होती. रस्त्यापासून पहिली पायरी साधारण दीड फूट. त्यासाठी सुताराकडून नऊ इंचांची लाकडी पायरी करून घेतली आहे, खाली रबर लावून. ती ड्रायव्हरच्या शेजारी राहील आणि प्रत्येक थांब्याला सगळ्यांत आधी खाली उतरेल. ज्यांना गरज नाही त्यांनीही तिच्यावरूनच उतरायचं, म्हणजे गरज असलेल्यांना संकोच वाटणार नाही.

शेवटी अध्यक्षांनी खरा आक्षेप घेतला. "एवढ्या लांब जाऊन दिवसाला दोनच ठिकाणं? लोक म्हणतील पैसे फुकट गेले." मी त्यांना मागच्या वेळच्या सहलीची आठवण दिली. पाच दिवसांत अठरा ठिकाणं झाली होती. त्यातली किती आठवतात, असं मी सभेला विचारलं. चार-पाच नावं आली, आणि त्यातली दोन बसमध्ये बसूनच पाहिलेली निघाली. उरलेल्या ठिकाणी निम्मे लोक खाली उतरलेच नव्हते. अध्यक्ष काही बोलले नाहीत, पण त्यांनी यादीचा कागद मागून घेतला.

संक्रांतीनंतरचा सोमवार ते गुरुवार, म्हणजे शाळांच्या सहली असल्या तरी शनिवार-रविवारची गर्दी नाही. तिकिटं साठ दिवस आधी खुली होतात, त्या सकाळी आठला आमच्यापैकी चौघे चार फोन घेऊन बसतील. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत प्रत्येकानं बसचे १,२०० रुपये, आधारकार्डाची प्रत, औषधांची यादी आणि "वरची बर्थ चालेल" किंवा "चालणार नाही" यांपैकी एकावर खूण केलेला कागद खजिनदारांकडे द्यायचा आहे. सभा संपायच्या आत एकोणीस कागद आले. वरची बर्थ चालेल अशी खूण फक्त दोघांनी केली होती, आणि त्यातले एक ब्याऐंशी वर्षांचे होते.